मोबाईल चार्ज होत नाही? दोष चार्जरचा, वायरीचा की बॅटरीचा, हे मोजून पाहा



मोबाईल आता खिशातले खेळणे राहिलेले नाही. २०२१ सालापासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीत मोबाईलवरूनच करावी लागते, आणि ती घरी बसून होत नाही. शेतात उभे राहून फोटो काढावा लागतो. रात्री जागलीला गेल्यावर रानडुकरे किंवा रोही शिरले तर शेजारच्या वावरातल्या माणसाला हाक जाते ती मोबाईलवरूनच. अशा वेळी रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन सकाळी चाळीस टक्क्यांवर दिसला तर काय करावे?

बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. “बॅटरी गेली वाट्टे” म्हणून दुकानात जाऊन दीड-दोन हजार रुपये मोजतात, नाहीतर बाजारातून नवा चार्जर आणतात. पुष्कळदा दोन्ही करूनही फोन तसाच सावकाश चार्ज होतो. कारण दोष कोठे आहे हे न पाहता औषध दिलेले असते. दोष शोधण्यासाठी एक लहानसे यंत्र मिळते, त्याला यूएसबी मीटर म्हणतात. काडेपेटीपेक्षाही लहान असते आणि साधे मीटर तीन-चारशे रुपयांच्या आसपास येते. प्रत्येक घरी ते हवेच असे नाही. गटात किंवा गावात एक असले तरी पुरते.

मोटरचा अनुभव आठवा

मीटर हातात घेण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ती तुम्हांला माहीत आहे, फक्त मोबाईलच्या बाबतीत आपण तिचा विचार करीत नाही.

विहीर खांबापासून लांब असली आणि केबल बारीक टाकली तर काय होते? स्टार्टरजवळ व्होल्टेज ठीक दिसते. मोटर सुरू केली की ती गुरगुरते, पाणी कमी फेकते आणि गरम होते. बारीक तारेतून जास्त करंट न्यायचा म्हटला की वाटेतच व्होल्टेज खर्च होते, मोटरपर्यंत पुरेसे पोचत नाही. मोटर बंद असताना मोजले तर मात्र खांबाजवळ आणि विहिरीजवळ सारखेच व्होल्टेज दिसेल, कारण करंटच वाहत नाही, मग वाटेत खर्च कशाचा होणार?

मोबाईलच्या वायरीतही हेच घडते. फरक इतकाच, की मोटरच्या केबलमध्ये २३० किंवा ४०० व्होल्ट असतात, त्यातून दहा-वीस व्होल्ट गेले तरी काम ओढूनताणून चालते. चार्जरच्या वायरीत मुळात ५ व्होल्टच असतात. त्यातला अर्धा व्होल्ट गेला तरी दहावा हिस्सा गेला. फोनसुद्धा हुशार असतो. आपल्याकडे येणारे व्होल्टेज साडेचारच्या आसपास उतरले की तो स्वतःच करंट कमी ओढतो, म्हणजे आणखी उतरू नये. पडद्यावर मात्र चार्जिंगची खूण तशीच दिसत राहते, आणि आपला समज होतो की सर्व ठीक चालले आहे.

म्हणून पहिला नियम असा, की नुसत्या चार्जरला मीटर लावून “पाच व्होल्ट दाखवते, चार्जर चांगला आहे” असे म्हणू नये. काही न जोडता रद्दी चार्जरसुद्धा पाच व्होल्ट दाखवतो. बैल चांगला की नाही हे गोठ्यात पाहून कळत नाही, जू मानेवर ठेवून पाहावे लागते. चार्जरचेही तसेच आहे.

मीटर काय दाखवते

मीटरच्या एका टोकाला चार्जरमध्ये बसणारी पिन असते, दुसऱ्या टोकाला वायर लावायचे भोक असते. चार्जर, मग मीटर, मग वायर, मग फोन अशी साखळी जोडावी. पडद्यावर V म्हणजे व्होल्ट, A म्हणजे अँपिअर आणि बहुतेक मीटरांवर W म्हणजे वॅट दिसते. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट येतात. फोनच्या पोटात किती वेगाने वीज चालली आहे हे वॅट सांगतात. म्हणून दोन वायरींची किंवा दोन चार्जरांची तुलना करताना नजर वॅटवर ठेवावी.

विकत घेताना मीटरवर किती व्होल्टपर्यंत चालते ते छापलेले पाहावे. आजकाल जलद चार्जर ९ व्होल्ट आणि त्याहून जास्तही देतात. फक्त ५-७ व्होल्टसाठी बनवलेले स्वस्त मीटर त्यावर लावले तर ते बिघडू शकते. वीस-तीस व्होल्टपर्यंत चालणारे घेतलेले बरे.

मोजताना फोनची बॅटरी २० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावी. ही गोष्ट सर्वांत जास्त वेळा चुकते. बॅटरी भरत आली की फोन आपणहून करंट कमी करीत जातो. नव्वद टक्क्यांवर मोजाल तर उत्तम वायरही मरतुकडी वाटेल. दुसरे, फोन तापलेला नसावा. मे महिन्यात अकोल्याला पारा ४५ अंशांच्या वर जातो. टिनाच्या खोलीत ठेवलेला किंवा उन्हात पडलेला फोन बॅटरी वाचवण्यासाठी चार्जिंग मंद करतो, कधी थांबवतोही. तो दोष ना चार्जरचा ना वायरीचा. फोन माठाजवळच्या थंड कोपऱ्यात अर्धा तास ठेवून मग मोजावे. मोजताना पडदा बंद ठेवावा आणि जोडल्यापासून मिनिट-दोन मिनिटे थांबून, आकडा स्थिर झाला की लिहून घ्यावा. लिहून घ्यावा असे मुद्दाम सांगतो, कारण चौथा आकडा पाहीपर्यंत पहिला विसरला जातो.

दर्यापूरकडचे एक घर

आता प्रत्यक्ष उदाहरण पाहू. दर्यापूर तालुक्यातील खारपाण पट्ट्यातल्या एका गावात एका शेतकरी भावाच्या घरी हा प्रकार झाला. घरात एक मोठ्या बॅटरीचा फोन, ५००० एमएएचचा. रात्री नऊला लावायचा, पहाटे चारला उठावे तर ऐंशी-पंच्याऐंशी टक्के. मध्ये लाइन गेली तर तेवढेही नाही. दुकानदाराने सांगितले, बॅटरी बदला. भाऊ म्हणाले, “दीड हजाराले फोडनी द्यायच्या आधी पाहू तरी काय खरं हाय ते.”

घरचा चार्जर “5V 2A” असे लिहिलेला, म्हणजे कागदावर दहा वॅटचा. वायर दोन मीटर लांबीची, बाजारातून घेतलेली. लांब अशासाठी, की खाटेवर पडून बोलता यावे. फोन ३५ टक्क्यांवर असताना मीटर लावले. आकडे आले ५.०३ व्होल्ट, ०.६२ अँपिअर, म्हणजे जवळपास ३.१ वॅट. दहा वॅटचा चार्जर आणि फोनला मिळतात तीन! एवढ्या मोठ्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास वीज मावते. वाटेतली घट धरून चार्जरमधून २२-२३ वॅट-तास बाहेर पडावे लागतात. तीन वॅटने ते भरायला सात तासांच्या वर लागणारच. बॅटरीने काही पाप केले नव्हते.

आता दोष चार्जरचा की वायरीचा? इथे बहुतेकांची गल्लत होते. दोन्ही एकदम बदलतात आणि मग कशाने फरक पडला ते कळत नाही. एका वेळी एकच वस्तू बदलावी, बाकी सर्व तसेच ठेवावे.

शेजाऱ्याकडून दोन वस्तू आणल्या, एक चांगला चार्जर आणि एक मीटरभर लांबीची जाड वायर. आधी फक्त चार्जर बदलला, वायर जुनीच. मीटरवर ५.१० व्होल्ट आणि ०.६८ अँपिअर दिसले, म्हणजे साडेतीन वॅट. फरक पडला तो नावाला. भाऊंनी जर बाजारात जाऊन चांगल्या कंपनीचा महागाचा चार्जर आणला असता, तर पैसे जाऊन हाती एवढेच आले असते.

मग उलट केले. चार्जर घरचा जुना, वायर शेजाऱ्याची. मीटर म्हणाले ४.८८ व्होल्ट, १.४६ अँपिअर, म्हणजे ७.१ वॅट. दुपटीहून जास्त! सात तासांचे काम साडेतीन तासांच्या आसपास आले. शेवटचे थोडे टक्के नेहमी सावकाशच भरतात, तेवढे धरून बोलतो आहे.

पाहा, व्होल्ट ५.०३ वरून ४.८८ वर उतरले, तरी फोनला वीज जास्त मिळू लागली. नुसत्या व्होल्टच्या आकड्यावर विसंबले असते तर जुनी वायरच चांगली ठरली असती! मीटर चार्जरजवळ बसलेले आहे. तिथे व्होल्ट जास्त दिसतात याचा अर्थ चार्जरवर ओझे कमी आहे, इतकाच.

शेवटी चार्जर आणि वायर दोन्ही शेजाऱ्याचे लावले. ५.०६ व्होल्ट, १.७८ अँपिअर, ९ वॅट. म्हणजे या घरात दोन दुवे कच्चे होते. वायर फार कच्ची, चार्जर थोडा. आधी वायर बदलली तर तिनापासून सातापर्यंत पोचतो, मग चार्जर बदलला तर नवापर्यंत. पैसे कोठे आधी घालायचे हे यातून आपोआप ठरते. भाऊंनी वायर घेतली आणि चार्जरचे दिवाळीनंतर पाहू म्हणाले.

वायरीत किती गळते

आणखी एक मोजमाप आहे. ते केले नाही तरी चालते, पण ज्याला खात्रीच करायची आहे त्याने करावे. नव्या फोनांना चपटी-गोलसर, कशीही उलटसुलट बसणारी टाइप-सी पिन असते. या पिनेचेही मीटर मिळते. ते वायर आणि फोन यांच्या मध्ये बसवता येते. म्हणजे एक मीटर वायरीच्या उगमाला आणि एक शेवटाला, जसे पाटाच्या तोंडाशी आणि शेवटच्या सरीत पाणी मोजावे तसे.

त्याच घरी जुन्या वायरीच्या तोंडाशी ५.०३ आणि फोनजवळ ४.४४ व्होल्ट आले. वाटेत ०.५९ व्होल्ट गळाले, तेही अवघ्या ०.६२ अँपिअरवर. गळतीला करंटने भागावे. ०.५९ भागिले ०.६२ म्हणजे ०.९५. याचा अर्थ, या वायरीतून एक अँपिअर नेला तर जवळपास एक व्होल्ट वाटेतच जिरेल. दीड अँपिअर तिच्यातून जाऊच शकत नाही, फोन आधीच हात आखडता घेतो. शेजाऱ्याच्या वायरीत ४.८८ चे ४.५२ झाले, म्हणजे १.४६ अँपिअरवर ०.३६ व्होल्ट. भागाकार येतो ०.२५. पाव व्होल्ट एका अँपिअरला. मीटरभर वायरीला इतपत आकडा आला तर ती चांगली समजावी. अर्ध्याच्या वर गेला की ती लवकर चार्ज करण्याच्या कामाची नाही. रात्री उशाशी सावकाश चार्ज करायला मात्र चालेल, फेकून द्यायची गरज नाही.

असे का होते? वायरीच्या पोटात वीज नेणाऱ्या दोन तारा असतात, एक जाण्याची, एक येण्याची. दोन मीटर लांब वायर म्हणजे विजेला चार मीटर वाट. स्वस्त वायरीत ही तार केसासारखी बारीक, साधारण पाव-एकतृतीयांश मिलिमीटर जाडीची असते, आणि वरून रबर मात्र जाड चढवलेले असते. म्हणून वायर वरून जाड दिसते यावर जाऊ नये. काही वायरींवर बारीक अक्षरांत “28AWG” किंवा “24AWG” असे छापलेले सापडते. हा आकडा जितका लहान तितकी आतली तार जाड. २४ आकड्याची तार २८ आकड्याच्या तारेपेक्षा अडीचपट सहज वीज नेते. छापलेले खोटेही असू शकते, तेव्हा शेवटचा निवाडा मीटरचाच.

पिन सैल झाली, आत कापसाचा धागा किंवा धूळ बसली तरीही हाच परिणाम होतो. आपल्याकडे कापसाच्या दिवसांत खिशात तंतू जातातच. फोन बंद करून पिनेचे भोक लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने साफ करावे, सुई किंवा पिन घालू नये. साफ केल्यावर पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर वायर घेण्याचे पैसेही वाचले. आकडा वायर हलवताना वरखाली उडत असेल तर समजावे, आतली तार पिनेच्या मुळाशी तुटत आली आहे. अशी वायर तापते, ती ठेवू नये.

चार्जर खरा किती

घरच्या चार्जरवर दोन अँपिअर लिहिले होते, पण तो देतो किती? फोन जोडून हे पूर्ण कळत नाही, कारण किती ओढायचे ते फोन ठरवतो. त्यासाठी एक भार-पट्टी मिळते. तिच्यावर एक-दोन मोठे रोधक असतात आणि बटणाने एक किंवा दोन अँपिअर ओढता येतात. ती मीटरच्या पुढे लावावी. भार-पट्टी पाण्याच्या हीटरसारखी तापते. हात लावू नये, प्लॅस्टिकवर किंवा सतरंजीवर ठेवू नये, फरशीवर ठेवावी आणि मुलांना लांब ठेवावे.

त्या घरच्या चार्जरने एक अँपिअरवर ४.९७ व्होल्ट दिले, ते ठीक. दोन अँपिअरवर मात्र ४.५२ पर्यंत बसला, आणि दहा मिनिटांत हात ठेववेना इतका तापला. भार लगेच काढला. म्हणजे कागदावर दोन, खरा दीडच्या आसपास. भारावर पावणेपाच व्होल्टच्या खाली उतरणारा चार्जर आपल्या पाटीपेक्षा कमी आहे असे समजावे. शेजाऱ्याच्या चार्जरने दोन अँपिअरवर ५.०२ धरले आणि नुसता कोमट झाला.

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. गावात व्होल्टेज कमी असते म्हणून मोबाईल हळू चार्ज होतो, असे पुष्कळ जण सांगतात. चार्जरवर “100-240V” असे लिहिलेले असते, आणि बऱ्या चार्जरच्या बाबतीत ते खरे असते. पंखा रखडतो, ट्यूब लागत नाही, तरी चार्जर १६०-१७० व्होल्टवर आपले पाच व्होल्ट बरोबर देतो. खात्री करायची असेल तर संध्याकाळी कमी व्होल्टेज असताना आणि मध्यरात्रीनंतर असे दोनदा मोजावे. आकडा सारखाच आला तर लाइनीला दोष देऊ नये. बोर्डातला सॉकेट सैल असेल, चार्जर लावताना चुरचुर आवाज येत असेल, तर मात्र तो आधी बदलून घ्यावा.

चार्जर उघडून दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये. आत २३० व्होल्ट असतात. नवा घेताना बीआयएसची खूण आणि त्याखाली “R-” ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा.

आकडा अर्ध्या अँपिअरला अडकला तर

कधी कधी वेगळाच आजार सापडतो. व्होल्ट चांगले ५.१, चार्जर जोरकस, वायर जाड, तरी करंट पाऊण-एकापर्यंत जातच नाही, ०.४५-०.५० वरच थांबतो आणि जराही हलत नाही. ही गळती नव्हे. वायरीत वीज नेणाऱ्या दोन तारांशिवाय निरोप नेणाऱ्या आणखी दोन तारा असतात. त्यांवरून फोन ओळखतो की समोर मोठा चार्जर आहे. काही स्वस्त वायरींत या तारा घातलेल्याच नसतात किंवा आत तुटलेल्या असतात. ओळख पटली नाही की फोन सावध राहतो आणि अर्धा अँपिअरच घेतो, कारण संगणकाच्या जुन्या यूएसबी भोकातून तेवढाच घ्यायचा असा नियम आहे. अशी वायर संगणकाला लावली तर फोनमधले फोटोही दिसत नाहीत. त्यावरून ती ओळखावी. उपाय एकच, वायर बदलणे.

जलद चार्जिंगची ९ व्होल्टची बोलणीही अशाच तारांवरून होतात. चांगले मीटर ती बोलणी पुढे जाऊ देते, स्वस्त मीटर कधी मध्येच तोडते. काही कंपन्यांचे जलद चार्जिंग तर त्यांच्याच चार्जरवर आणि त्यांच्याच जाड वायरीवर चालते, मीटर मध्ये आले की ते साध्या चार्जिंगवर उतरते. म्हणून मीटर लावल्यावर जलदची खूण गेली आणि काढल्यावर परत आली, तर तो दोष मीटरचा धरावा. उगाच चांगला चार्जर बाद करू नये.

वावरातल्या सौर पेटीचे काय झाले

भाऊंचा दुसरा फोन जागलीच्या मचाणावर सौर दिव्याच्या पेटीवर लागत असे. पेटी खाली, फोन वर, मध्ये तीन मीटरची वायर. तिथे मीटरने ५.० व्होल्टवर ०.३५ अँपिअर दाखवले, पावणेदोन वॅट. रात्रभरात जेमतेम अर्धा फोन. भाऊंना वाटत होते, पॅनेल कमजोर आहे, मोठे घ्यावे. पॅनेलचा काही संबंध नव्हता. पेटी दोरीने वर ओढून मचाणावर ठेवली, मीटरभराची जाड वायर लावली, आणि त्याच पेटीतून १ अँपिअरच्या वर मिळू लागले. पेटीत मुळात साठवण कमी, तेव्हा दिवा आणि फोन एकदम लावले तर पहाटेच्या आत पेटी रिकामी होईल, हे खरे. भाऊ आता संध्याकाळी दोन तास आधी फोन लावून घेतात आणि अंधार पडला की दिवा.

लांब वायर हवीच असेल तर ५ व्होल्टची वायर लांबवू नये, त्याऐवजी घरात २३० व्होल्टचा एक्स्टेन्शन बोर्ड लांब घ्यावा. चार्जर फोनजवळ आणावा, फोन चार्जरपासून लांब नेऊ नये. मोटरची केबल आपण जाड घेतो ती याच हिशोबाने.

सर्व दुवे चांगले निघाले, आणि तरीही फोन लवकर उतरतो, तर मग बॅटरीकडे बोट दाखवायला हरकत नाही. तेही मीटरने पाहता येते. मीटरवर Wh असा आकडा असेल तर तो शून्य करावा, फोन २० टक्क्यांवर असताना लावावा आणि ८० टक्क्यांना काढावा, मध्ये वापरू नये. ५००० एमएएचच्या चांगल्या बॅटरीला या साठ टक्क्यांसाठी १३-१४ वॅट-तासांच्या आसपास लागतात. आठ-नऊमध्येच ऐंशी टक्के झाले तर टाकीत गाळ बसला आहे, पाणी कमी मावते, असे समजावे. mAh चा आकडा बॅटरीवरच्या आकड्याशी सरळ ताडून पाहू नये. बॅटरीवरचा आकडा सुमारे ३.८ व्होल्टवरचा असतो, मीटरचा ५ व्होल्टवरचा. पायल्या वेगळ्या, म्हणून माप वेगळे. दर्यापूरकडच्या त्या फोनने १३.६ दाखवले. बॅटरी धड होती, आणि ती आजही त्याच फोनमध्ये आहे.